तांब्याचा तुकडा आणि वाकलेली रेषा

आमच्या प्रयोगशाळेत क्रायोस्टॅटवर, म्हणजे नमुना अतिथंड ठेवणाऱ्या यंत्रावर, नवा माणूस आला की त्याचा स्वतःचा नमुना लगेच चढवत नाही. आधी तांब्याचा तुकडा मोजायचा. शुद्ध तांब्याची उष्माधारकता इतक्या काळजीने मोजली गेली आहे की आपलं उत्तर चुकलं तर दोष तांब्याचा नसतो, मोजण्याचा असतो. त्या दिवशी एका संशोधक विद्यार्थिनीची ही पहिली पाळी होती. रात्रभर मोजणी चालली होती, आणि सकाळी ती आलेख घेऊन माझ्या टेबलापाशी आली.

तुकडा साधारण 64 मिलिग्रॅमचा होता, म्हणजे जवळपास एक मिलिमोल. हा आकार मला आवडतो, कारण पुस्तकातला मोलचा आकडा हजाराने भागला की आपल्या तुकड्याचा मिळतो. खोलीच्या तापमानाला तांब्याची उष्माधारकता मोलला सुमारे 24.4 ज्यूल प्रति केल्विन आहे. 4 केल्विनला तीच 0.006 ज्यूलच्याही किंचित खाली येते. धातू तोच, अणू तितकेच, पण एक अंश तापवायला लागणारी उष्णता चार हजारपटींनी कमी. ही घसरण पहिल्यांदा स्वतःच्या हाताने मोजणाऱ्याचा चेहरा मी नेहमी बघते.

वरचा आकडा समजायला सोपा आहे. स्फटिकातला प्रत्येक अणू तीन दिशांना थरथरतो, आणि पुरेशा तापमानाला प्रत्येक दिशेचं स्पंदन kT, म्हणजे बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान, एवढी ऊर्जा बाळगतं, निम्मी गतिज आणि निम्मी स्थितिज. सगळं मोलभर जमवलं की 3R, म्हणजे वायू स्थिरांकाच्या तिप्पट, 24.94 ज्यूल प्रति केल्विन. त्यात अणूचं वजन नाही, बंधाची ताकद नाही, म्हणून दुलाँग आणि पेती यांना 1819 मध्ये बऱ्याच घन मूलद्रव्यांत जवळपास एकच आकडा सापडला. हिरा मात्र खोलीच्या तापमानालाही त्याच्या पावपटीच्या आसपासच असतो. हलके अणू आणि अतिशय ताठ बंध, त्यामुळे स्पंदनं फार वेगवान. आइन्स्टाइन यांनी 1907 मध्ये नेमका हाच धागा पकडला. स्पंदन ऊर्जा घेतं ती ठरावीक आकाराच्या पुंजांत. kT त्या पुंजापेक्षा बरंच लहान असेल तर स्पंदनाला काहीच घेता येत नाही आणि ते गोठून बसतं.

पण मूळ कल्पना बरोबर असली तरी सगळ्या अणूंना एकच वारंवारता दिली की उत्तर फसतं. तांब्यासाठी त्या सूत्रात सुमारे 240 केल्विन हे लक्षण-तापमान, म्हणजे kT पुंजाएवढं होतं ते तापमान, घातलं, तर 4 केल्विनला जालकाची, म्हणजे अणूंच्या मांडणीची, उष्माधारकता दशांशचिन्हानंतर वीस शून्यांच्या पलीकडे जाते. प्रत्यक्षात ती मोलला 3 मिलिज्यूलच्या आसपास असते. हा फरक डिबाय यांनी 1912 मध्ये मिटवला. अणू एकेकटे थरथरत नाहीत, सगळा स्फटिक लाटांनी थरथरतो. लांब लाटांची वारंवारता कमी आणि पुंज लहान, म्हणून कडाक्याच्या थंडीतही त्या थोड्या लाटा जाग्या राहतात. जाग्या लाटांची संख्या तापमानाच्या घनाने कमी होते: तापमान निम्मं केलं की आठवा हिस्सा उरतो. तांब्यात याच्या जोडीला मुक्त इलेक्ट्रॉनही आहेत. त्यांचा वाटा तापमानाच्या सरळ प्रमाणात असतो, म्हणून 3.8 केल्विनच्या खाली तोच जालकापेक्षा मोठा ठरतो.

त्यामुळे उष्माधारकता C आणि तापमान T घेऊन आम्ही C/T हे T² समोर मांडतो. सरळ रेषा यायला हवी. चढावरून जालक कळतं, आणि रेषा उभ्या अक्षाला छेदते तिथे इलेक्ट्रॉनांचा वाटा. तिच्या आलेखात 4 केल्विनच्या वरचे बिंदू रेषेवर नीट बसले होते, पण खालचे बिंदू हळूहळू रेषेखाली झुकत होते.

“मॅडम, इलेक्ट्रॉनांचा वाटा खाली कमी होतो का?” तिने विचारलं.

प्रश्न चांगला होता, कारण अतिवाहक, म्हणजे थंडीत विजेचा रोध शून्य होणाऱ्या, धातूत इलेक्ट्रॉनांचा वाटा खरंच कोसळतो. पण तांबं अतिवाहक होत नाही. मी तिला म्हटलं, “निष्कर्ष बाजूला ठेव. मला 2 केल्विनचा एक कच्चा वक्र दाखव.”

आमची पद्धत अशी: बारीक तारांवर टांगलेल्या छोट्या प्लॅटफॉर्मवर नमुना ग्रीसने चिकटवायचा, हीटरने तापमान एक-दोन टक्के वाढवायचं, हीटर बंद करायचा आणि प्लॅटफॉर्म निवताना पाहायचं. निवण्याचा वक्र एकाच घातांकी घसरणीचा असेल तर तिच्या कालावधीला तारांच्या उष्णतावाहकतेने गुणलं की उष्माधारकता मिळते. पडद्यावरचा वक्र तसा नव्हता. हीटर बंद होताच तापमान झटकन खाली आलं, मग चाल मंदावली आणि शेपूट लांबत गेली. म्हणजे प्लॅटफॉर्म आधी निवत होता आणि तांबं मागे रेंगाळत होतं. सॉफ्टवेअरने त्यावर एकच घातांकी वक्र बसवला, त्यात तांब्याचा काही हिस्सा मोजलाच गेला नाही, आणि उत्तर कमी आलं.

मग 4 केल्विनच्या वर का बरोबर आलं? तारा धातूच्या, त्यांची वाहकता थंडीत साधारण तापमानाच्या प्रमाणात घटते. ग्रीसच्या सांध्याची त्याहून बरीच वेगाने घटते. वर सांधा तारांपेक्षा कितीतरी चांगला असतो, म्हणून त्याचा कमकुवतपणा झाकला जातो. 2 केल्विनला तो उघडा पडतो. भौतिकशास्त्र बिघडलंय असं वाटावं अशा ठिकाणीच हा दोष दिसतो, म्हणून तो मला सगळ्यात धोक्याचा वाटतो.

नमुना बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली उलटा ठेवला. कातरताना एका कडेला धातूची बारीक धार वर आली होती आणि तुकडा तिच्यावर टेकून तिरका बसला होता. ग्रीस त्या धारेपाशीच दबलेलं होतं; उरलेल्या तळावर त्याचा ओरखडाही नव्हता. तिने बारीक पॉलिश पेपरवर तळ सपाट केला, ग्रीसचा पातळ थर दिला, आणि मी सांगण्याआधीच रिकाम्या प्लॅटफॉर्मची मोजणी नव्याने लावली. ग्रीस बदललं की तीही बदलते, आणि इतक्या खाली ती वजाबाकी नमुन्याच्या आकड्याशी बरोबरी करू शकते.

दुसरी मोजणी संपली तेव्हा 2 केल्विनचे वक्र एका घातांकात बसत होते. रेषा सरळ आली. छेद मोलला 0.69 मिलिज्यूल प्रति केल्विन वर्ग, आणि चढावरून डिबाय तापमान, म्हणजे डिबाय यांच्या सूत्रातलं लक्षण-तापमान, सुमारे 344 केल्विन, तांब्याचे मान्य आकडे.

आलेखाच्या वरच्या टोकाला, 10 केल्विनजवळ, बिंदू पुन्हा रेषेपासून सुटत होते, या वेळी वरच्या बाजूला. तिने लगेच सांध्याकडे बोट दाखवलं, पण तिथले वक्र निर्दोष होते. घनाचा नियम डिबाय तापमानाच्या साधारण पन्नासाव्या भागापर्यंतच नीट चालतो, तांब्यासाठी 7 केल्विनच्या आसपास. त्यावर लाटा आखूड होतात, अणूंमधलं अंतर त्यांना जाणवू लागतं आणि त्यांची वारंवारता डिबाय यांच्या साध्या गृहीतकाइतकी चढत नाही. हा वाकडेपणा स्फटिकाचा स्वतःचा होता. आम्ही रेषेची आकडेमोड 6 केल्विनला थांबवली, आणि संध्याकाळी तिने स्वतःचा नमुना चढवायला घेतला.