ताप शंभरच होता

इंदूर, मंगळवार, रात्री

आज संध्याकाळी रामबागेतल्या एका घरी जाऊन आलो. आजी ७८ वर्षांच्या, मधुमेह जुना. सकाळपासून अंग कोमट, थर्मामीटरमध्ये ९९.८. सुनेनं पॅरासिटामॉलची ५०० ची गोळी दिली आणि पडू दिलं. पोहे तसेच राहिले. दुपारभर त्या शांत झोपून होत्या, म्हणून घरच्यांना वाटलं, आराम पडतोय. पाचच्या सुमाराला त्यांनी मुलाला आपल्या दिवंगत भावाच्या नावानं हाक मारली, तेव्हा फोन आला.

ही शांत झोपच फसवते. म्हातारपणी तापासोबत अचानक येणाऱ्या भ्रमाला डिलिरियम म्हणतात. बडबडणारा, कपडे ओढणारा, पलंगावरून उतरू पाहणारा रुग्ण लगेच लक्षात येतो. गप्प, सुस्त, हाक मारली की डोळे उघडून पुन्हा मिटणारा मात्र सुटून जातो, आणि बहुतेक वेळा त्याचीच प्रकृती जास्त बिघडलेली असते. तापाचा आकडाही दिशाभूल करतो. उतारवयात शरीर जंतुसंसर्गाला जोरानं उत्तर देत नाही. तरुणाला १०३ चढेल तिथे यांना १०० चढतो. त्यात थर्मामीटर काखेत लावला होता. भ्रमातल्या माणसाच्या तोंडात तो ठेवू नये हे बरोबरच, पण काखेतला आकडा साधारण एक अंशानं कमी येतो.

सुनेला विचारलं, "काल सकाळी कशा होत्या?" म्हणाली, "अहो, काल तर दूधवाल्याचा हिशेब त्यांनीच केला." इथेच उत्तर मिळालं. स्मृतिभ्रंश महिन्यामहिन्यांनी वाढतो, एका रात्रीत हिशेब विसरायला लावत नाही. आधीच स्मृतिभ्रंश असलेल्या माणसातही असा अचानक फरक पडला, तर "त्यांचं असंच असतं" म्हणून सोडता येत नाही.

आजींना वार उलटे म्हणायला सांगितलं. "रविवार, शनिवार..." एवढ्यावर नजर खिडकीकडे गेली आणि प्रश्नच हरवला. यात आठवणीपेक्षा लक्ष तुटतं. दहा मिनिटांनी त्या नीट बोलल्या, घरच्यांचा जीव भांड्यात पडला, आणि पुन्हा गुंगी. हा चढउतार याच आजाराचा असतो, मधल्या बऱ्या दहा मिनिटांवर विसंबायचं नसतं.

सगळ्यात आधी ग्लुकोमीटर. सकाळची ग्लिमेपिराइड, म्हणजे साखर उतरवणारी गोळी, पोटात गेली होती, अन्न नाही. अशा वेळी साखर ७० च्या खाली गेली की त्यानंही असाच भ्रम होतो. ११२ निघाली. कमी असती आणि त्या नीट गिळू शकत असत्या, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून दिली असती, पंधरा मिनिटांनी परत मोजली असती. गुंगीत असलेल्याच्या तोंडात मात्र काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जातं.

मग श्वास. हे कोणालाही घरी जमतं. रुग्णाला न सांगता, छातीवरचा पदर किती वेळा वर होतो ते पूर्ण एक मिनिट मोजायचं. आजींचे २६ भरले. २२ किंवा जास्त श्वास आणि नवा भ्रम एकत्र दिसले, तर संसर्ग रक्तातून सगळ्या अवयवांना बाधतोय अशी शंका घ्यायची. वरचा रक्तदाब ९८ होता, एरवी १४० असायचा. ऑक्सिजन ९१. खोकला अजिबात नव्हता, तरी उजव्या फुप्फुसाच्या तळाला करकर ऐकू येत होती. न्यूमोनिया. घरचे लघवीच्या संसर्गाबद्दल विचारत होते, कारण शेजारच्या काकूंना तो झाला होता. पण या वयात लघवीत जंतू नुसतेही सापडतात. तेवढ्यावर थांबलं, तर फुप्फुस तपासायचं राहून जातं.

१०८ ला फोन केला. सुनेला दोन कामं दिली: रोजच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालायची, मेडिकलमधून परस्पर आणलेली सर्दीची गोळीसुद्धा, कारण तिच्यातलं क्लोरफेनिरामाइन म्हाताऱ्यांचा भ्रम वाढवतं. आणि आजी शेवटचं नीट बोलल्या ती वेळ कागदावर लिहायची. चेहरा वाकडा, हात लुळा असं काही नव्हतं, पण पक्षाघात निघालाच तर उपचार त्या वेळेवर ठरतात. घरातलं उरलेलं अँटिबायोटिक देऊ का, असं मुलानं विचारलं. नाही म्हटलं. आधी रक्ताचा नमुना घेतला, तर नेमका जंतू सापडण्याची शक्यता टिकते, आणि अशा आजींना औषध शिरेतूनच लागतं.

निघताना सून चष्मा आणि कानाचं यंत्र घरीच ठेवत होती, हरवतील म्हणून. दोन्ही सोबत द्यायला लावली. दिसत नाही, ऐकू येत नाही, भोवती अनोळखी चेहरे, अशानं भ्रम आणखी गडद होतो. रात्री कोण थांबणार, यावर मुलगा आणि नातू बोलत होते. रोज माणूस बदलू नका, ज्याचा आवाज आजींना सवयीचा आहे तोच राहू दे, असं सांगितलं. ताप दोन-तीन दिवसांत उतरेल, पण बोलण्यातला गोंधळ त्यानंतरही काही दिवस, कधी काही आठवडे रेंगाळतो, हेही मुलाला गाडीत बसण्याआधीच सांगून ठेवलं.