कॅनव्हास प्रिंटचे वर्णन लिहिताना : माझा अनुभव

लातूरला औसा रोडवर आमचे फोटो फ्रेमिंगचे छोटे दुकान आहे. ग्राहकाने दिलेल्या छायाचित्राला तैलचित्रासारखे रूप देऊन ते कॅनव्हासवर छापून देण्याचे काम आम्ही सुरू केले, तेव्हा ऑनलाइन विक्रीसाठी त्या वस्तूचे वर्णन लिहिण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. इतर विक्रेत्यांची वर्णने वाचली, तर बहुतेकांत ‘अप्रतिम’, ‘राजेशाही’, ‘आठवणींना नवे रूप’ अशी विशेषणे होती. परंतु पैसे भरण्यापूर्वी ग्राहकाला जे कळायला हवे, ते त्यांत फारसे सापडत नव्हते. म्हणून मी एक नियम ठरवला : छापून तयार झालेला कॅनव्हास टेबलावर ठेवायचा आणि त्यावर बोट ठेवून दाखवता येईल एवढेच लिहायचे.

पहिले वाक्य त्यामुळे असे झाले : ‘हे हाताने रंगवलेले तैलचित्र नाही, आपल्या छायाचित्राला संगणकावर तैलचित्राच्या शैलीत रूपांतरित करून आम्ही ते कॅनव्हासवर पिगमेंट शाईने छापतो.’ भाऊजींना हे वाक्य सुरुवातीलाच नको होते. “वहिनी, पहिल्याच ओळीत ‘नाही’ वाचल्यावर गिऱ्हाईक पुढं कशाला वाचंल?” असे त्यांनी विचारले. त्यांची काळजी समजण्यासारखी होती, तरीही मी ते वाक्य हलवले नाही, कारण खऱ्या तैलरंगाच्या अपेक्षेने मागवलेल्या माणसाला घरी आलेली छपाई फसवणूकच वाटणार. छपाईनंतर आम्ही पारदर्शक जेलचे फटकारे हाताने देतो आणि त्यामुळे बोटांना उंचसखलपणा जाणवतो. पण तो उंचसखलपणा जेलचा असतो, रंगाचा नव्हे, हेही त्याच परिच्छेदात लिहिले.

सर्वाधिक विचार करावा लागला तो ‘कोणता फोटो चालेल’ या भागाचा. ‘चांगल्या दर्जाचा फोटो पाठवा’ या वाक्याने ग्राहकाच्या हाती काहीच लागत नाही, कारण मोबाइलच्या पडद्यावर जवळजवळ प्रत्येक फोटो चांगलाच दिसतो. त्याच सुमारास उदगीरच्या एका काकूंची चौकशी आली आणि तिच्यामुळे हा भाग मला नीट मांडता आला. त्यांच्याकडे वाड्याच्या अंगणात काढलेला, नऊ माणसांचा, ४ बाय ६ इंचांचा जुना फोटो होता. त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो त्यांनी व्हॉट्सअॅपवर पाठवला होता आणि दिवंगत वडिलांच्या आठवणीसाठी १६ बाय २४ इंचांचा कॅनव्हास त्यांना हवा होता.

व्हॉट्सअॅपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो बराच लहान होऊन येतो. काकूंच्या फोटोची लांब बाजू १६०० पिक्सेलची होती. ती २४ इंचांवर पसरली की एका इंचाला जेमतेम ६७ पिक्सेल मिळतात, आणि आम्ही साधारण १५० असावेत असे पाहतो. मूळ फोटो स्कॅनरवर ६०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ६०० पिक्सेल घेऊन, स्कॅन केला, तर ती बाजू ३६०० पिक्सेलची होते आणि इंचाला १५० पिक्सेल मिळतात. हिशोब येथे जुळला, तरी खरी अडचण पुढेच होती. त्या फोटोत प्रत्येक चेहरा करंगळीच्या नखाएवढा, म्हणजे सुमारे पाऊण ते एक सेंटिमीटर उंचीचा होता. कॅनव्हासवर सगळे चौपट झाले की चेहरा साडेतीन सेंटिमीटरांच्या आसपास जातो आणि एक डोळा जेमतेम अर्धा सेंटिमीटर रुंद राहतो. तैलचित्राच्या शैलीतला ब्रशचा एक फटकारा साधारण तीन मिलिमीटरांचा असेल, तर त्या डोळ्यात दोन फटकारेसुद्धा पुरते बसत नाहीत. डोळ्याच्या जागी नुसता काळसर डाग उरतो. फटकारा बारीक केला, तर डोळा वाचतो, पण चित्र मग तैलचित्रासारखे न दिसता किंचित धूसर फोटोसारखे दिसू लागते.

ही शैली फोटोतला दाणेदारपणा, भिंतीवरचे डाग, साडीच्या सुरकुत्या सहज झाकते, कारण तेथे बारकावे गेले तरी चालते. ओळख पटवणाऱ्या बारीक गोष्टींना मात्र ती निर्दय असते. चष्म्याची काडी तुटते, नथीचे मोती एकमेकांत मिसळतात, पैठणीच्या पदरावरचा मोर हिरवट ठिपका होऊन बसतो. आपल्याकडे लग्नातले फोटो याच गोष्टींसाठी जपले जातात, म्हणून मी वर्णनात लिहिले : ‘छापील चित्रात चेहरा किमान तीन इंच उंच येईल असा फोटो निवडावा. दागिन्यांची व पदराची नक्षी स्पष्ट दिसावी अशी इच्छा असल्यास ही शैली न घेता साधा कॅनव्हास प्रिंट घ्यावा.’ दुसऱ्या वाक्यामुळे महाग वस्तूऐवजी स्वस्त वस्तू विकली जाते, हे खरे. पण ते माझ्या मते संपूर्ण वर्णनातले सर्वांत उपयोगी वाक्य आहे.

काकूंना मी फोनवर हे सगळे सांगितले. “मग माझे बाबा दिसणारच नाहीत का गं?” असे त्यांनी विचारले. नऊ जणांच्या चित्रात ते ओळखू येणार नाहीत, पण फक्त आई-वडील ठेवून बाकीचा भाग कापला आणि आकार १२ बाय १६ इंचांचा घेतला, तर चेहरे तीन इंचांच्या वर जातील, असे मी सुचवले. कापल्याने पिक्सेल वाढत नाहीत. उलट एवढ्या मोठ्या चेहऱ्यावर इंचाला ७० च्या आसपासच उरतात. मात्र आता तोच फटकारा चेहऱ्याच्या मानाने बारीक ठरतो आणि पिक्सेलांची उणीव गालावर, कपाळावर झाकली जाते. फोटोतच जे उमटलेले नाही, ते आम्ही कल्पनेने भरणार नाही, हेही त्यांना सांगितले. छापण्यापूर्वी पडद्यावरचा नमुना पाहून त्यांनी होकार दिला. त्या नमुन्याची पायरी तेव्हापासून वर्णनात आहे आणि ग्राहकाच्या लेखी होकाराशिवाय आम्ही छपाई करत नाही.

कडांविषयीचा मजकूर लहान आहे, पण तो नसेल तर भांडण होते. दीड इंच जाडीच्या लाकडी चौकटीवर कॅनव्हास ताणताना प्रत्येक बाजूने सुमारे दोन इंच कापड मागे वळते. कडेला उभ्या असलेल्या माणसाचा खांदा अशा वेळी चौकटीच्या बाजूवर जातो. म्हणून कडेला मोकळी जागा नसलेल्या फोटोसाठी बाजू एकरंगी ठेवली जाईल, असे लिहिले.

शेवटी परतीचा प्रश्न आला. ‘वस्तू खास आपल्यासाठी बनवलेली असल्याने परत घेतली जाणार नाही’ असे एक वाक्य भाऊजींनी लिहून ठेवले होते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० वाचल्यावर ते तसेच ठेवणे शक्य नव्हते, कारण वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितलेल्या गुणांप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही. आता तेथे असे आहे : ‘मंजूर केलेल्या नमुन्यानंतर केवळ आवड बदलल्यास वस्तू परत घेता येणार नाही. मात्र कॅनव्हास फाटलेला असल्यास, चौकट वाकडी असल्यास किंवा चित्र मंजूर नमुन्यापेक्षा वेगळे असल्यास आम्ही ते बदलून देऊ अथवा पैसे परत करू.’ पडद्यावरचे रंग उजळ आणि कापडावरचे थोडे मंद दिसतात, ही सूचना त्याच्या वरच, नमुन्याच्या मजकुरात घातली आहे, म्हणजे होकार देतानाच ती नजरेस पडते.