मिठी मारायचीच बंद झाली होती : माझा अनुभव

मला सगळ्यात जास्त राग येतो तो त्या आठ महिन्यांचा. नवऱ्याला जवळीक रोज हवी असायची, मला आठवड्या-पंधरा दिवसांनी, आणि ह्या फरकाने एवढं काही बिघडलं नसतं. बिघडलं ते असं की मी भांडी घासत असताना त्याने नुसता खांद्यावर हात ठेवला तरी माझे खांदे ताठ व्हायचे, कारण डोक्यात लगेच यायचं की आता हे पुढे कुठे जाणार. म्हणून मीच हात धरणं, मिठी मारणं सगळं टाळायला लागले, उगाच त्याची आशा नको वाढायला. त्याला वाटलं मला तोच नकोसा झालाय, मग तो जास्त विचारायचा आणि मी अजून लांब सरकायचे.

मधे काही वेळा मन मारून ‘हो’ म्हटलं, ते तर अजिबात करू नका. त्याने माझं अंग आणखी घट्ट झालं, आणि त्याला ते कळायचंच.

बोलायचो आम्ही, पण कधी तर रात्री, मी नुकतंच ‘नको’ म्हटल्यावर, अंधारात. तो म्हणायचा, "तुला कधीच हवं नसतं." मी म्हणायचे, "तुला दुसरं काही सुचतच नाही." मग पाठ फिरवून झोप. प्रत्येक वेळी हेच, शब्दसुद्धा तेच.

शेवटी समुपदेशक बाईंनी तीन आठवडे सेक्स पूर्ण बंद सांगितला, अगदी ठरवून. त्याऐवजी पंधरा मिनिटं एकाने दुसऱ्याच्या पाठीला, हातांना नुसता स्पर्श करायचा, मग अदलाबदल करायची, आणि कुठे बरं वाटतं ते सांगायचं. ह्याला सेन्सेट फोकस म्हणतात, मास्टर्स आणि जॉन्सन ह्या अमेरिकन लैंगिक-संशोधकांची जुनी पद्धत आहे. पुढे काही होणार नाही हे पक्कं असल्यामुळे चौथ्या-पाचव्या दिवशी माझे खांदे सैल पडले. तेव्हाच कळलं की माझी इच्छा आधी येत नाही, निवांत स्पर्श सुरू झाल्यावर येते, कधी कधी तेव्हाही येत नाही. बऱ्याच जणांचं असंच असतं म्हणे.

बोलणं आता दिवसा, चालताना करतो. मी नुसतं ‘नको’ म्हणत नाही, "आज ते नको, पण कुशीत झोपू या" असं म्हणते, मनात असेल तरच. त्याचं काम एवढंच की "बरं" म्हणायचं आणि खरंच तिथे थांबायचं, उसासा न टाकता. त्याला हेच सगळ्यात अवघड गेलं.

हो, आणि आधी सांगायला हवं होतं, दुखत असेल किंवा डिप्रेशनची गोळी चालू असेल तर पहिलं डॉक्टरांशी बोला, काही गोळ्यांनी इच्छा कमी होते. मनाने गोळी बंद करू नका मात्र.

गेल्या आठवड्यात मी जवळ गेले आणि तोच म्हणाला, "आज नको गं, दमलोय." छातीत एकदम लागलं. मी "बरं" म्हटलं आणि त्याचा हात धरून पडून राहिले.