कैरोच्या सराफ्यात डॉलरचा खरा भाव कसा कळायचा

जानेवारी २०२४ च्या शेवटी माझ्या शेजारच्या तांतच्या मुलाचं लग्न ठरलं. इथे वयाने मोठ्या बाईला प्रेमाने तांत म्हणतात, आणि या तांतने मला कैरोत आल्यापासून अगदी घरच्यासारखं सांभाळलंय. इजिप्तमध्ये साखरपुड्याला मुलाकडून मुलीला सोनं घालतात, त्याला शबका म्हणतात, किती ग्रॅमचं ते दोन्ही घरं बसून ठरवतात. यांचं चाळीस ग्रॅम ठरलं होतं. तांत म्हणाली, तू आकडेमोडीत हुशार आहेस, चल आमच्याबरोबर साघाला. साघा म्हणजे जुन्या कैरोतला सराफ बाजार, अल-मुइझ रस्त्याच्या भागात, गल्लीबोळात नुसती सोन्याची दुकानं.

जाण्याआधी मी मोबाईलवर हिशोब करून ठेवला. तेव्हा जगात सोनं साधारण २०३० डॉलर औंस होतं. औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम, म्हणून एक ग्रॅम शुद्ध सोनं ६५.३ डॉलर. इथे जास्त करून २१ कॅरेट चालतं, म्हणजे हजारात ८७५ भाग सोनं, मग ग्रॅमला ५७.१ डॉलर झाले. बँकेत डॉलर ३०.९ इजिप्शियन पाउंडला होता, गुणाकार केला तर १७६५ पाउंड ग्रॅम. वर घडणावळ, तिला इथे मसनइय्या म्हणतात, ती धरून मी तांतला सांगितलं की पंच्याहत्तर-ऐंशी हजारात चाळीस ग्रॅम होईल.

दुकानात भाव विचारला तर जवळपास ४००० पाउंड ग्रॅम! घडणावळ वेगळी.

मला वाटलं हा आपल्याला परका बघून सांगतोय. पुढच्या दुकानात तेच, त्याच्या पुढच्या दुकानातही तेच, आणि तांतला अजिबात आश्चर्य वाटलं नव्हतं, फक्त चेहरा उतरला होता. घरी आल्यावर मी गणित उलटं केलं. ४००० ला ५७.१ ने भागलं तर ७० आले. म्हणजे हा सराफ डॉलर ७० पाउंडला धरतोय. आणि त्याच आठवड्यात ऑफिसात सगळे दबक्या आवाजात सांगत होते की बाहेर, म्हणजे काळ्या बाजारात, डॉलर सत्तरला पोचला. या आकड्याला इथे नावच आहे, साघाचा डॉलर.

तर सोनं जगात एकच, मग इथे दुपटीहून महाग का? याचं उत्तर सराफाच्या लोभात नाहीये, हे मला तुम्हाला नीट सांगायचंय, कारण आधी मीही त्यालाच दोष देत होते.

बँकेचा ३०.९ हा दर खरा होता, पण त्या दराने डॉलर मिळणं अवघड होतं. देशात डॉलरचा दुष्काळ होता, बँकेत येतील ते डॉलर आधी धान्य, औषधं अशा गरजेच्या मालाला जायचे, सोन्याच्या व्यापाऱ्याला तिथे कोण विचारणार. आता परदेशातून सोनं आणायचं तर डॉलरच मोजावे लागतात. ज्याला बँकेतून डॉलर मिळत नाही तो काळ्या बाजारातून घेणार, ७० ला. आणि गंमत बघा, दुकानातलं सोनं त्याने वर्षापूर्वी स्वस्तात घेतलेलं असलं तरी तो जुन्या भावाने विकत नाही, कारण आज विकलेल्या ग्रॅमच्या जागी उद्या नवीन ग्रॅम आणायला किती पडतील हाच त्याचा भाव. समजा एखाद्याने भोळेपणाने १७६५ ला विकलं असतं, तर संध्याकाळपर्यंत दुकान रिकामं झालं असतं आणि त्या पैशात त्याला अर्ध्याहून कमी सोनं परत घेता आलं असतं.

म्हणून जगाच्या भावापासून इथला भाव तुटलेला नव्हताच, तो डॉलरमध्ये बघितला तर जगाबरोबरच चालत होता, फक्त बँकेच्या डॉलरऐवजी बाहेरच्या डॉलरने. तुटलेला होता तो बँकेचा दर. मला हे कळायला दोन दिवस लागले आणि कळल्यावर भिंतीवरचं घड्याळच चुकीचं होतं असं वाटलं.

पण मग लोक थेट डॉलरच का घेत नाहीत, सोन्याकडे का धावतात? कारण बँकेबाहेर डॉलरची खरेदी-विक्री इथे गुन्हा आहे, तुरुंग होतो. सोनं घेणं मात्र पूर्ण कायदेशीर, पावती मिळते. महागाईने पाउंड झिजतोय, डॉलर घ्यायची भीती, मग शिक्षिका असो की टॅक्सीवाला, सगळे छोटी नाणी आणि बिस्किटं घेत होते. सगळ्यात आवडतं म्हणजे गिनेह दहब, ८ ग्रॅमचं २१ कॅरेटचं नाणं, त्यावर दागिन्यापेक्षा घडणावळ खूप कमी जाते. आणि म्हणूनच साघाचा डॉलर इतका महत्त्वाचा झाला. बाहेरच्या डॉलरचा भाव कुजबुजीत असतो, सोन्याचा भाव दुकानात उघड लावलेला असतो, भागाकार कोणीही करावा.

मात्र हा भागाकार करताना मी सुरुवातीला एक चूक करायचे. साघाचा डॉलर म्हणजेच बाहेरच्या डॉलरचा भाव असं नाही. मे २०२३ मध्ये असं झालं होतं की सोन्यातून निघणारा डॉलर हा बाहेरच्या डॉलरच्याही बराच वर गेला. कारण साधं होतं, घेणारे खूप आणि देशात सोनं कमी. नेहमीच्या ठिकाणी असा फरक टिकत नाही, लगेच कोणीतरी स्वस्त जागेवरून आणून महाग जागेवर विकतो आणि फरक संपतो. इथे आणायला डॉलर नाही, वर कस्टम ड्युटी, त्यामुळे तो फरक बुजवणारा माणूसच नव्हता. मग सरकारने त्याच महिन्यात परदेशातून येणाऱ्यांना सोबत आणलेल्या सोन्यावरची कस्टम ड्युटी सहा महिन्यांसाठी माफ केली, पुढे मुदत वाढवली. आखातात काम करणारे इजिप्शियन पगारातून सोनं घेऊन बॅगेत आणायला लागले, आणि इथला भाव खाली आला. डॉलर स्वस्त झाला म्हणून नाही, वाट उघडली म्हणून. मला सगळ्या प्रकरणात हा भाग फार शिकवून गेला, कारण यात दिसतं की भावात दोन थर असतात, एक बाहेरच्या डॉलरचा आणि त्याच्यावर टंचाईचा. चलनाच्या नियमांमुळे पहिला थर येतो, आणि सोनं आत यायला जेवढी अडचण तेवढा दुसरा थर जाड होतो.

तिसरी एक गोष्ट भावात मिसळते ती म्हणजे उद्याची भीती. जानेवारीत सगळ्यांना वाटत होतं की पाउंड आता पडणारच, त्यामुळे सराफ उद्याचा डॉलर आजच धरत होते. हे ओळखायची माझी एक युक्ती आहे. शनिवारी लंडन-न्यूयॉर्कचे बाजार बंद असतात, जगाचा सोन्याचा भाव जागेवर थांबलेला असतो. तरी साघात शनिवारी सकाळपासून दुपारपर्यंत भाव हलला तर तो सोन्याचा नाही, पाउंडचा हलला असं समजायचं. त्या दिवसांत शनिवारचे भाव इतके उड्या मारायचे की मी चहा घेताना बघत बसायचे. अजून एक खूण म्हणजे घेण्याच्या आणि विकण्याच्या भावातलं अंतर. एरवी ते थोडं असतं, ते वाढलं की समजायचं सराफालाच उद्याचा अंदाज येत नाहीये.

तसंच झालं. आम्ही परत साघाला गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला, "मदाम, वीस ग्रॅम देतो, बाकीचं आत्ता देत नाही, उद्या मला भरून आणता येईल का माहीत नाही." तांतला वाईट वाटलं, मुलाकडच्यांना कमीपणा वाटतो ना, पण मुलीच्या आईने समजून घेतलं. वीस ग्रॅमला ८०,००० पाउंड आणि घडणावळ वेगळी.

मधल्या काळात माझा स्वतःचा एक प्रश्न होता, आणि तुमच्यातल्या जे अशा देशात नोकरीला जाणार असतील त्यांनी हा नीट वाचा. मला परदेशी बँकेचं कार्ड आहे, डॉलरचं. मी कार्डने सोनं घेतलं असतं तर बँकेने माझा डॉलर ३०.९ ने बदलला असता, म्हणजे ४००० पाउंडाच्या ग्रॅमसाठी माझ्या खात्यातून जवळजवळ १२९ डॉलर गेले असते, आणि तोच ग्रॅम जगात ५७ चा. सोनं तेच, दुकान तेच, पण तुमचा पैसा कुठल्या दराने पाउंड होतो त्यावर ते महाग की बरोबर ठरतं. ज्याचा पगार पाउंडात आहे त्याला हा दुसरा रस्ताच नाही, त्याच्यासाठी ४००० हाच भाव. कार्डवाल्यासाठी मात्र ते सरळ नुकसान. बाहेर डॉलर बदलायचा विचार सुद्धा करू नका, परक्या देशात पोलिसांच्या हातात सापडण्याइतकं महाग काहीच नाही.

मग फेब्रुवारीच्या २३ तारखेला इजिप्तच्या किनाऱ्यावरच्या रास अल-हिकमा या भागात अबुधाबीने गुंतवणूक करण्याचा करार जाहीर झाला, ३५ अब्ज डॉलरचा, आणि बाहेरचा डॉलर घसरायला लागला. ६ मार्चला सेंट्रल बँकेने दर मोकळा सोडला, व्याजदर एकदम सहा टक्क्यांनी वाढवला, आणि बँकेतला डॉलर ३१ वरून ५० च्या आसपास गेला. टीव्हीवर सगळे म्हणत होते पाउंड कोसळला. पण साघात सोनं स्वस्त झालं होतं! गोंधळून जाल, मीही गेले होते. पण सोन्याच्या भावात डॉलर आधीच सत्तर धरलेला होता ना, त्याच्या हिशोबाने पन्नास म्हणजे घसरण. जगात त्याच दिवसांत सोनं २०३० वरून २१५० डॉलरपर्यंत चढलं होतं, म्हणजे २१ कॅरेटचा ग्रॅम साधारण ६०.५ डॉलर, गुणिले पन्नास, तीन हजारांच्या थोडं वर. आणि दुकानातही भाव तीन हजारांच्या आसपासच होता. जगात सोनं वर गेलं, इथे पाव हिस्सा खाली आलं, आणि दोन्ही बरोबर होतं.

जानेवारीत भीतीने नाणी घेतलेल्या माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीला मात्र फटका बसला. सोनं पडलं म्हणून नाही. तिने सोन्याबरोबर ७० चा डॉलरही विकत घेतला होता, तो पडला.

तांतने उरलेले वीस ग्रॅम एप्रिलच्या आत घेतले, ग्रॅममागे हजारभर कमी देऊन, दोन बांगड्या आणि एक साखळी. त्या दिवशी दुकानदाराने चहा मागवला आणि सगळं एका फेरीत तोलून दिलं. मी तिथेच बसून भागाकार केला, बँकेच्या दराच्या जवळजवळ बरोबर आला, तांतला फोन दाखवला तर ती म्हणाली, हे ठेव बाजूला, बांगडी हातात बसते का सांग.