आमची वाटचाल: R-2 च्या आधी R-10 का येत होता?

मापन उपकरणांच्या दुरुस्तीचं आमचं काम सुरू झालं तेव्हा नोंदी वहीत होत्या. आलेल्या प्रत्येक उपकरणाला एक क्रमांक द्यायचा, तो पत्र्याच्या बिल्ल्यावर ठोकायचा आणि बिल्ला उपकरणाला बांधायचा, ही पद्धत पहिल्यापासूनची. R-1, R-2, R-3... वहीत क्रम आपोआपच लागलेला असायचा. काम वाढलं, नोंदी स्प्रेडशीटवर आल्या आणि पहिल्यांदा कॉलम सॉर्ट केला, तेव्हा यादी अशी दिसली:

```
R-1
R-10
R-11
R-2
R-20
R-3
```

जे उपकरण आधी आलं ते आधी हाती घ्यायचं, हा आमचा नियम. त्यामुळे हा क्रम आमच्या कामाच्या मुळावरच येत होता. स्प्रेडशीटच्या दृष्टीने मात्र त्यात काहीच चुकलेलं नाही. R-10 हा तिच्यासाठी मजकूर आहे, आणि मजकुराची तुलना डावीकडून एकेक अक्षर घेऊन होते. R आणि आडवी रेघ दोन्हीकडे सारखी. पुढे 1 आणि 2 समोरासमोर येतात, 1 लहान ठरतो आणि निकाल तिथेच लागतो. पुढच्या शून्याकडे बघायची वेळच येत नाही.

आमच्या एका सहकाऱ्याने सुचवलं, की सगळे क्रमांक शून्य लावून R-0002, R-0010 असे करून टाकू. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मीही हेच सांगेन, फक्त शून्यं मोजूनमापून लावावीत. तीनच अंक धरले तर R-1000 जाऊन R-100 आणि R-101 यांच्या मध्ये बसतो आणि तोच घोळ पुन्हा सुरू होतो. आमची अडचण वेगळी होती. जुने क्रमांक बिल्ल्यांवर ठोकलेले होते, ग्राहकांच्या पत्रांत आणि बिलांत गेलेले होते. ग्राहक R-10 विचारणार आणि आमच्या शीटमध्ये R-0010 असणार. मग शोधून काहीच सापडणार नाही आणि बिलांच्या शीटशी जोडलेलं VLOOKUP सुद्धा तुटणार. दिलेला क्रमांक बदलायचा नाही, हे तेव्हाच ठरलं.

म्हणून A कॉलमला हात न लावता शेजारी दोन कॉलम घेतले. त्यातही एक पेच होता: तेच उपकरण पुन्हा दुरुस्तीला आलं की आम्ही त्याला R-10A असा क्रमांक देतो. त्यामुळे शेवटचं अक्षर C मध्ये आणि निव्वळ अंक B मध्ये काढायचे होते.

C2 मध्ये:

```
=IF(ISNUMBER(VALUE(RIGHT(A2,1))),"",RIGHT(A2,1))
```

B2 मध्ये:

```
=VALUE(MID(A2,3,LEN(A2)-2-LEN(C2)))
```

R-10A मध्ये पाच अक्षरं आहेत. त्यातून पुढची दोन आणि मागचं एक गेलं की उरतात दोन, म्हणजे 10. VALUE मुळे तो मजकूर न राहता खरी संख्या होतो. ते गाळलं तर B मध्येही 10 हा 2 च्या आधीच येईल. संख्या आपोआप सेलच्या उजव्या कडेला जाते आणि मजकूर डाव्या, त्यामुळे कॉलमवरून नजर फिरवली तरी फरक कळतो. मग पूर्ण तक्ता निवडून आधी B ने आणि नंतर C ने सॉर्ट करायचं. R-2, R-3, R-10, R-10A, R-11 असा क्रम लागतो. पूर्ण तक्ता निवडणं फार महत्त्वाचं आहे. एकटा कॉलम हलला तर एकाचा क्रमांक दुसऱ्याच्या उपकरणासमोर जातो, आणि ते वरवर पाहून लक्षातही येत नाही.

सर्वांत जास्त जपावं लागतं ते घाईत रेघ न टाकता लिहिलेल्या क्रमांकांना. R7 असेल तर B मध्ये #VALUE! येतं आणि चूक लगेच दिसते. R15 असेल तर मात्र तिसऱ्या अक्षरापासून फक्त 5 उरतो, आणि ती नोंद मुकाट्याने R-5 च्या शेजारी जाऊन बसते. त्यासाठी D मध्ये ही तपासणी ठेवली आहे:

```
=MID(A2,2,1)="-"
```

सॉर्ट करण्याआधी D मधले FALSE फिल्टर करून दुरुस्त करायचे, हे आता आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात शिकवतो.

लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये सॉर्टच्या पर्यायांत नैसर्गिक क्रमाची सोय आहे; ती निवडली की मजकुरातले अंक संख्या म्हणून धरले जातात आणि साध्या यादीला वेगळे कॉलम लागत नाहीत. आमची शीट मात्र ग्राहकांकडेही जाते आणि ती कुठल्या प्रोग्रॅममध्ये उघडेल ते आमच्या हातात नसतं. म्हणून B आणि C हे कॉलम आम्ही शीटमध्येच ठेवतो. पाठवताना ते फक्त लपवतो, काढून टाकत नाही.