"जुनी पुस्तकं द्या" लिहिलं आणि घरोघरची रद्दी आली

मुलांच्या वाचनकोपऱ्यासाठी पुस्तकं गोळा करायची होती, म्हणून मी दहा मिनिटांत एक पोस्ट टाकली. तेव्हा एकदम मस्त वाटली होती. ती अशी होती:

"शाळेतल्या मुलांसाठी पुस्तकं गोळा करतोय! तुमच्याकडची जुनी पण चांगल्या स्थितीतली पुस्तकं येत्या शनिवार-रविवारी आमच्या हॉलवर आणून द्या. वेळ १० ते १ आणि ४ ते ७. जास्तीत जास्त शेअर करा."

लोकांनी शेअर केली, भरपूर केली. साधारण अडीचशे पुस्तकं आली आणि त्यातली कामाची निघाली सत्तरच्या आसपास. बाकीच्यात गेल्या वर्षांची गाईडं, पेन्सिलीने सोडवलेल्या वर्कबुका, ऑफिसच्या डायऱ्या, मासिकांचे गठ्ठे, आणि एका काकांनी तर अकाउंटिंगचे जाडजूड खंड आणले, ते पण दोन फेऱ्या मारून, धापा टाकत, त्यांना नाही कसं म्हणणार? रविवारी सकाळी तर कहरच झाला, कोणीतरी रात्री बंद हॉलच्या पायरीवर दोन पिशव्या ठेवून गेलं होतं आणि पहाटे पायऱ्या धुणाऱ्याला त्या दिसल्या नाहीत. पुस्तकं पार फुगली. ओलं पुस्तक वाळवलं तरी पानं चिकटतात, त्यात बुरशी धरली की शेजारची पण जातात, त्यामुळे त्या पिशव्या सरळ टाकून द्याव्या लागल्या.

आधी मी लोकांवरच चिडले होते. पण एका संध्याकाळी नको असलेला ढीग एकेक करून वेगळा लावत बसले, आणि पोस्ट शेजारी उघडून ठेवली, तेव्हा लक्षात आलं की यातलं जवळपास प्रत्येक पुस्तक माझ्याच कुठल्या ना कुठल्या शब्दाने आलंय. "शाळेतल्या मुलांसाठी पुस्तकं" म्हटल्यावर घरात पुस्तकं म्हणजे पाठ्यपुस्तकंच डोळ्यापुढे येतात, गोष्टीच्या पुस्तकाला आपण "गोष्टीचं पुस्तक" असंच म्हणतो ना. "जुनी" म्हटल्यावर माळा आठवतो. आणि "चांगल्या स्थितीतली" म्हणजे काय, तर ते प्रत्येकाचं वेगळं, कव्हर नसलं तरी आतली पानं शाबूत आहेत म्हणजे चांगलंच की, असं मला एका ताईंनी अगदी मनापासून सांगितलं, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं!

मग दुसऱ्या वेळी पोस्ट लिहायच्या आधी मी तो ढीगच यादी म्हणून वापरला. काय नको ते लिहिताना "अनुपयोगी साहित्य" वगैरे न लिहिता लोक त्या वस्तूला घरी जे म्हणतात तेच नाव लिहिलं. गाईड, डायरी, मासिक. नको-ची यादी पण लहानच ठेवली, जे खरोखर आलं होतं तेवढंच, कारण पहिल्या कच्च्या मसुद्यात मी चौदा गोष्टी लिहिल्या होत्या आणि ते वाचून आपल्यावर कोणीतरी ओरडतंय असं वाटत होतं. "चांगल्या स्थितीतलं" काढून टाकलं आणि त्याजागी डोळ्यांनी तपासता येईल असं लिहिलं: कव्हर आहे, सगळी पानं आहेत, आत काही लिहिलेलं नाही, वास येत नाही. वासाचं मुद्दाम घातलं, कारण बुरशी दिसायच्या आधी नाकाला कळते.

"शंका असेल तर फोटो पाठवा" ही ओळ मी घातली होती, मग काढली. मागच्या वेळी तोंडी तसं सांगितलं होतं तर दोन दिवस मी कपाटांचे फोटोच बघत होते. त्याऐवजी लिहिलं, शंका असेल तर ते पुस्तक घरीच ठेवा.

जागा-वेळेचं तर विचारूच नका. "येत्या शनिवारी" हे फक्त त्याच आठवड्यात खरं असतं, पोस्ट फिरत राहिली आणि पुढचे तीन आठवडे दर शनिवारी कोणी ना कोणी पिशवी घेऊन हजर. व्हॉट्सअॅपवर मेसेज १५ मिनिटांपर्यंत एडिट होतो, पण पुढे फॉरवर्ड झालेल्या कॉप्या आपल्या हातात नसतात, म्हणजे पोस्ट संपल्याचं पोस्टनेच सांगायला हवं. म्हणून वार, तारीख, वर्ष सगळं पहिल्याच ओळीत. चित्रावर पण तेच, खालच्या मजकुरात पण तेच, कारण लोक नुसतं चित्र पुढे पाठवतात आणि मजकूर मागेच राहतो. वेळ पण एकसलग केली. दोन वेळा दिल्या की दुपारी २ ला येणारे येतातच, मधलं "बंद" कोणी वाचत नाही.

नवीन पोस्ट लिहून झाल्यावर मावशीला दिली, तिला या उपक्रमातलं काही माहीत नव्हतं हे बरंच होतं. एकदा वाचायला लावली, मग फोन माझ्याकडे घेतला आणि विचारलं, तुझ्या कपाटातलं काय आणशील, कुठल्या दाराने येशील, कुलूप दिसलं तर काय करशील?

पहिलं बरोबर सांगितलं. दाराचं म्हणाली, "हॉलचं दार म्हणजे मोठं गेटच ना गं?" आम्ही बसणार होतो मागच्या बाजूला! मी तिथे इतक्या वेळा गेलेय की मागचं दार हेच दार असं डोक्यात बसलं होतं. आणि कुलपाचं उत्तर, "एवढं ओझं परत कुठे नेऊ, ठेवीन तिथेच." पायरीवरच्या पिशव्यांचं कोडं तिथे सुटलं.

शेवटी गेलेली पोस्ट (पत्ता आणि नंबर इथे गाळलाय):

"गोष्टीची पुस्तकं हवी आहेत. फक्त शनिवार १४ मार्च २०२६, सकाळी १० ते दुपारी १. त्यानंतर आणू नका.
कुठे: (पूर्ण पत्ता), मागचं निळं दार. मोठ्या गेटवर कोणी नसेल.
हवं: ६ ते १४ वर्षांच्या मुलांना वाचता येतील अशी गोष्टींची आणि चित्रांची पुस्तकं. कव्हर असलेली, सगळी पानं असलेली, आत काही न लिहिलेली, वास नसलेली.
नको: पाठ्यपुस्तकं, गाईड, वर्कबुक, मासिकं, डायऱ्या, मोठ्यांची पुस्तकं. शंका असेल तर घरीच ठेवा.
पिशवी एका हाताने उचलता येईल एवढीच भरा. हातात द्या, बाहेर ठेवू नका. दार बंद दिसलं तर या नंबरवर फोन करा: (एकच नंबर)."

पिशवीची ओळ माझ्या पाठदुखीतून आली आहे, पुस्तकांचं मोठं खोकं दोन माणसांना पण उचलत नाही.

या वेळी एकशे दहाच्या आसपास पुस्तकं आली, म्हणजे आधीच्या निम्म्याहून कमी, पण नको म्हणून बाजूला काढलेली नऊच. अकाउंटिंगवाले काका पण आले होते, मागच्या दाराने, बरोबर साडेदहाला. या वेळी पातळ पिशवी, आत नातीची सात चित्रांची पुस्तकं. आणि एक डायरी. कोरी आहे म्हणाले, म्हणजे चालेल ना?