सहा चौकोन

लालबागच्या चाळीत आजीचा मुलगा, म्हणजे माझा मामा, महिन्यातून दोनदा तरी गायब व्हायचा. मामा ठाण्याला घरी सुखरूप असायचा. नाहीसा व्हायचा तो फोनच्या पडद्यावरचा त्याचा फोटो. मग शेजारच्या काकूंच्या फोनवरून मला बोलावणं.

मला वाटलं, पडद्यावर गर्दी फार झालीय. म्हणून फोनचा मुख्य पडदा नव्याने मांडणारा सोपा लाँचर टाकला, Settings मध्ये जाऊन Home app म्हणून तोच ठेवला. सहा मोठे चौकोन: चार माणसं, एक टॉर्च, एक फोटो. तिसऱ्या दिवशी मामा पुन्हा गायब!

तेव्हा कुठे शेजारी बसून तिचं बोट पाहिलं. आजी फोनला स्पर्श करत नाही, दाराची बेल दाबावी तसा दाबते. उभा जन्म भांडी घासून बोटांची टोकं कोरडी पडलेली, त्यामुळे पहिला स्पर्श बरेचदा लागतच नाही. मग ती आणखी जोर लावते आणि बोट तसंच ठेवते. अर्धा सेकंद बोट टेकलं की फोनला वाटतं, हिला चौकोन हलवायचाय. त्यात बोट जरा वर सरकलं की मामा थेट Remove वर.

म्हणजे दोष गर्दीचा नव्हताच. लाँचरमध्ये मांडणीला कुलूप लावायची सोय होती, ती चालू केली. Accessibility मध्ये Touch & hold delay असतं, ते Long वर नेलं. आता बोट आधीपेक्षा जास्त वेळ टेकून राहिलं तरी तो साधा स्पर्शच धरला जातो.

तरी फोन लागेना. फोनमध्ये दोन सिम, त्यामुळे मामावर बोट ठेवलं की मधेच प्रश्न यायचा, कोणत्या सिमवरून? आजी तो प्रश्न परीक्षेतल्यासारखा वाचत बसायची. कॉलसाठी एक सिम कायमचं ठरवून टाकलं, प्रश्न मिटला.

एक गोष्ट मात्र लाँचरच्या हातात नाही. वरून खाली ओढायचा पडदा तसाच राहतो आणि त्यात विमानाचं बटण असतं. ते दोनदा दाबलं गेलं. आता काकूंच्या मुलाला सांगून ठेवलंय, आजीचा फोन लागेना झाला की आधी वरच्या कोपऱ्यात विमान दिसतंय का बघ.

राहिला मामाचा फोटो. त्याचा परवाचा, मिशी काढलेला फोटो लावला तर आजी म्हणाली, "हा कोण रे?" शेवटी त्याच्या लग्नाच्या अल्बमवरून फोटो काढून लावला. मागच्या रविवारी मामा आला, चौकोन बघून हसला. "आई, हा किती जुना फोटो!"

"असू दे," आजी म्हणाली. "हा दाबला की तू उचलतोस."